"सिस्टर काही बोलत नाहीत, पण बघतात": मुलाखतींच्या उताऱ्यांतून थीम कशी घडते

नर्सिंगच्या कुठल्याही थिसिसमधलं गुणात्मक प्रकरण उघडा, बहुतेक वेळा चार मथळे भेटतात. शारीरिक समस्या, मानसिक समस्या, कौटुंबिक आधार, आर्थिक अडचणी. आजार मधुमेह असो, कर्करोग असो की मूत्रपिंडाचा, मथळे हलत नाहीत. माझ्या स्वतःच्या थिसिसमध्येही हेच चार होते. व्हायवाला परीक्षकांनी पानं चाळली आणि शांतपणे विचारलं, "हे मुलाखती घेण्याआधी लिहिता आलं असतं का?" मी गप्प बसले, कारण आलं असतं. मुलाखतीचे प्रश्नच मी त्या क्रमाने काढले होते. पहिला शरीराचा, दुसरा मनाचा, तिसरा घरच्यांचा, चौथा पैशाचा. मग उत्तरं त्याच क्रमाने गोळा केली, चार गठ्ठे बांधले आणि त्यांना थीम म्हटलं.

गठ्ठा आणि थीम यांतला फरक कळला की या कामातलं निम्मं कोडं सुटतं. गठ्ठ्यात एका विषयावर जे जे बोललं गेलं ते सगळं असतं, मग त्यातली माणसं एकमेकांच्या अगदी उलट बोलत असली तरी चालतं. थीममध्ये विषय एक नसला तरी चालतो, पण अर्थ एक लागतो. पाण्याबद्दलचं एक वाक्य, बायकोबद्दलचं एक आणि वजनकाट्याबद्दलचं एक, अशी तीन वाक्यं एकाच थीममध्ये येऊ शकतात, जर तिघांच्या तळाशी एकच गोष्ट असेल तर. व्हर्जिनिया ब्राऊन आणि व्हिक्टोरिया क्लार्क यांनी २००६ मध्ये थीमॅटिक अ‍ॅनालिसिसचे सहा टप्पे मांडले: मजकुरात मुरणं, कोड देणं म्हणजे मजकुराच्या तुकड्याला त्यातलं म्हणणं सांगणारं छोटं नाव देणं, कच्च्या थीम बांधणं, त्या तपासणं, त्यांना नाव आणि व्याख्या देणं, आणि शेवटी लिहिणं. थिसिसमध्ये हे सहा टप्पे सगळेच लिहितात. पण पुढे या दोघींनी वारंवार बजावलं की विषयाचा सारांश म्हणजे थीम नव्हे, आणि ते मात्र फारसं कुणी वाचत नाही.

एक उदाहरण घेऊन शेवटपर्यंत जाऊ. उदाहरण आणि त्यातले उतारे या लेखासाठी रचलेले आहेत, पण अडचणी खऱ्याच आहेत.

समजा एका विद्यार्थिनीने हिमोडायलिसिसवर असलेल्या १२ रुग्णांच्या मुलाखती घेतल्या. प्रश्न असा, की पाणी मोजून पिण्याचं बंधन हे रुग्ण कसं अनुभवतात. मूत्रपिंडं काम करत नसल्याने दोन डायलिसिसच्या मध्ये प्यायलेलं बरंचसं पाणी शरीरातच साठतं. एक लिटर साठलं की वजन एक किलोने वाढतं. म्हणून दर वेळी आधी रुग्णाला काट्यावर उभं करतात. ठरलेल्या ड्राय वेटपेक्षा, म्हणजे जादा पाणी नसतानाच्या वजनापेक्षा, जेवढं वजन जास्त, साधारण तेवढं पाणी यंत्राने काढायचं. फार साठलं असेल तर काढतानाही त्रास होतो, पेटके येतात, बीपी उतरतं. म्हणजे काट्यावरचा आकडा हे उपचाराचं साधं माप आहे. नर्सच्या लेखी तरी.

मुलाखत सरासरी ४५ मिनिटांची धरली तर टाईप केलेला मजकूर दीडशे-पावणेदोनशे पानांचा होतो. तो शब्दशः हवा. "अं", हसू, मध्येच थांबणं, हे सगळं त्यात राहू द्यायचं. नाव काढून सहभागी १, सहभागी २ असे क्रमांक द्यायचे, आणि प्रत्येक ओळीलाही क्रमांक द्यायचा, कारण पुढे शंभरदा मूळ जागी परतावं लागतं. मुरणं म्हणजे कोडला हात न लावता सगळं किमान दोनदा वाचणं. एकदा तरी रेकॉर्डिंग ऐकत वाचावं. टाईप केलेल्या पानावर हुंदका दिसत नाही.

आता हे चार उतारे बघा.

सहभागी २: "सोमवारी डायलिसिस म्हटलं की रविवार सकाळपासूनच मी पाणी तोडतो. तब्येतीसाठी म्हणाल तर तसं नाही. आकडा जास्त आला की सिस्टर काही बोलत नाहीत, पण बघतात."

सहभागी ५: "चप्पल काढते, मोबाईल काढून ठेवते. एकदा तर (हसते) कठड्याला हात टेकवला. आकडा कमी आला. रात्री मात्र दम लागला, उठून बसावं लागलं."

सहभागी ७: "घरात विचारलं की सांगतो, अर्धा लिटरच प्यायलो. खरं सांगितलं तर ही रडायला लागते. मग दिवसभर माझ्या हातातल्या पेल्याकडे नजर."

सहभागी ४: "बर्फाचा खडा तोंडात ठेवतो. तो पाण्यात धरायचा की नाही, मला माहीत नाही. विचारलं तर म्हणतील, एवढ्या वर्षांत एवढंही कळत नाही."

पहिल्या फेरीत विद्यार्थिनीने दिलेले कोड असे होते: "पाणी कमी पिणे", "वजन", "कुटुंब", "ज्ञानाचा अभाव". हे कोड चुकीचे नाहीत, पण मुके आहेत. "वजन" हा शब्द दहा ठिकाणी लावता येईल आणि नुसत्या त्या कोडवरून माणूस वजनाबद्दल काय म्हणाला ते कधीच कळणार नाही. माझी कसोटी साधी आहे: उतारा झाकून फक्त कोड वाचला तर कुणी काय केलं हे समजतं का? नसेल समजत तर कोडमध्ये क्रियापद घाला. सहभागी २ साठी "काट्याच्या धाकाने आदल्या दिवशी पाणी तोडणे" आणि "न बोलता होणारी पारख". सहभागी ५ साठी "आकडा कमी दिसावा म्हणून खटपट". सहभागी ७ साठी "घरच्यांना कमी आकडा सांगणे" आणि "पेल्यावर नजर". सहभागी ४ साठी "अडाणी ठरू या भीतीने न विचारणे". एका वाक्याला दोन कोड लागले तर बिघडत नाही, आणि एखाद्या पानाला एकही लागला नाही तरीही नाही.

कोड लांब होतात अशी तक्रार येते. होऊ द्यावेत. नंतर छोटे करता येतात, पण मुक्या कोडला नंतर बोलतं करता येत नाही.

चौथ्या उताऱ्याच्या "ज्ञानाचा अभाव" या कोडबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण नर्सच्या हातून ही चूक हमखास होते. आपण शिकवणाऱ्या असतो, म्हणून रुग्णाला काही माहीत नसलं की आपल्याला तिथे शिकवण्याची जागा दिसते. पण तो माणूस माहिती नसल्याचं सांगत नाहीये, विचारायची लाज सांगतोय. "ज्ञानाचा अभाव" लिहिलं की शिफारशींत "आरोग्यशिक्षण द्यावे" येतं. त्याला आरोग्यशिक्षण बहुधा चार वेळा मिळालेलं असतं, म्हणून तर पाचव्यांदा विचारायची लाज वाटते.

१२ मुलाखतींतून शे-सव्वाशे कोड सहज निघतात. काही दुहेरी असतात, ते एकत्र केले की साठ-सत्तर उरतात. यासाठी सॉफ्टवेअर लागतंच असं नाही. एक्सेलमध्ये पाच रकाने पुरतात: सहभागी क्रमांक, ओळ क्रमांक, उतारा, कोड, आणि टीप. सॉफ्टवेअर उतारे झटपट शोधून देतं, अर्थ लावून देत नाही. कागदाच्या चिठ्ठ्या करून टेबलावर सरकवणाऱ्याही आहेत, आणि बारा मुलाखतींसाठी ती पद्धत मला अजूनही आवडते, कारण चिठ्ठी हातात असली की ती दुसरीकडे हलवायला जीव कचरत नाही.

आता गटवारी. विद्यार्थिनीने पहिल्यांदा केलेले गट होते "तहान आवरण्याचे उपाय", "कुटुंबाची भूमिका", "कर्मचाऱ्यांशी संबंध" आणि "माहितीची कमतरता". पुन्हा तेच चार कप्पे, नवी रंगरंगोटी करून. सहभागी २ चा उतारा पहिल्या आणि तिसऱ्या कप्प्यात विभागला गेला, सहभागी ७ दुसऱ्यात गेला, सहभागी ४ चौथ्यात. चौघांना एकत्र बांधणारा धागा याच वेळी तुटला.

धागा शोधायला मी एकच प्रश्न विचारायला लावते: हा माणूस नेमकं कशापासून स्वतःला वाचवतोय? सहभागी २ नजरेपासून. सहभागी ५ आकड्यापासून, म्हणजे पुन्हा आकडा बघणाऱ्या नजरेपासून. सहभागी ७ बायकोच्या नजरेपासून. सहभागी ४ "एवढंही कळत नाही" या शेऱ्यापासून. आता विषय वेगळे राहूनही अर्थ एक झाला. या चौघांसाठी पाणी हा शिस्तीचा मामला झालाय, काटा त्याचा परीक्षक आहे, आणि परीक्षेत नापास दिसू नये म्हणून ते लपवतात. कच्च्या थीमचं पहिलं नाव असं पडलं: "काट्यासमोर परीक्षा". हा प्रश्न प्रत्येक अभ्यासाला लागू पडणार नाही. दुसरीकडे "हा माणूस काय टिकवू पाहतोय" किंवा "कुणाशी बोलतोय" असा प्रश्न लागेल. मुद्दा एवढाच की गटवारी करताना विषयाला नव्हे, माणसाच्या धडपडीला प्रश्न विचारायचा.

कच्ची थीम सुचली की आनंद होतो आणि तिथेच घात होतो. थीम आवडली की तिच्यात न बसणारे उतारे दिसेनासे होतात. म्हणून पुढची पायरी मुद्दाम उलटी आहे: थीम मोडेल असा उतारा शोधायचा. इथे तो सहभागी ९ कडे मिळतो.

सहभागी ९: "मी काट्यावर चढायच्या आधीच सांगते, आज तीन किलो असेल, लग्नाला गेले होते. लपवून काय? पेटके मलाच येणार."

हा उतारा थीम खोटी ठरवतो का? आधी तिची पूर्ण मुलाखत पुन्हा वाचायला हवी. समजा त्यात कळलं की ती आठ वर्षं डायलिसिसवर आहे, आणि सुरुवातीची दोन वर्षं तीही चप्पल काढून, श्वास रोखून उभी राहायची. एकदा एका नर्सने आकडा वाचण्याआधी विचारलं, "तुम्हाला किती वाटतंय?" तेव्हापासून ती स्वतः आकडा सांगू लागली. म्हणजे हा अपवाद थीम मोडत नाही, तिची कड दाखवतो. आकडा रुग्णाच्या तोंडून आधी आला की परीक्षा राहत नाही. थिसिसमधली सगळ्यात उपयोगी ओळ बहुधा हीच निघेल, आणि ती आली अपवादातून. असा अपवाद प्रकरणात लिहायचाच असतो. तो लपवला तर अनुभवी परीक्षकाला लगेच संशय येतो, कारण १२ माणसं एकसुरात बोलत नसतात.

तपासणीचा दुसरा भाग म्हणजे कोड मूळ जागी नेऊन बघणं. या अभ्यासात "सवय झाली" हे वाक्य पाच जणांनी म्हटलं आणि विद्यार्थिनीने पाचही वेळा "स्वीकार" असा कोड दिला. त्यातून "आजाराचा स्वीकार" ही थीमही उभी राहिली, दिसायला अगदी छान. मूळ पानं काढली तेव्हा दोघांनी ते पाणी मोजण्याची युक्ती सांगताना, हसत म्हटलं होतं. तिघांच्या वाक्याआधी मात्र ट्रान्सक्रिप्टमध्ये "(थांबतात)" लिहिलेलं होतं, आणि एकाच्या पुढे "सवय झाली म्हणजे काय, दुसरं काय करणार". हा स्वीकार नाही, हात टेकणं आहे. थीम दोन भागांत फुटली आणि एक भाग इतका बारीक उरला की थीम म्हणून टिकलाच नाही. असं झालं तर वाईट वाटून घेऊ नये, पण झालेला बदल तारखेसह वहीत नोंदवावा. कोणता कोड कुठून कुठे गेला आणि का, हे लिहिलेलं असलं की व्हायवाला "हे तुम्ही ठरवलंत कसं" या प्रश्नाला वही दाखवता येते.

यानंतर व्याख्या. थीमचं नाव नाम असेल तर तिच्याखाली एक पूर्ण वाक्य लिहून बघा. "काट्यासमोर परीक्षा: रुग्ण वजनाचा आकडा उपचाराचं माप म्हणून न घेता आपल्या वागण्याचा निकाल म्हणून घेतात आणि वाईट निकाल टाळण्यासाठी नर्सपासून, घरच्यांपासून माहिती लपवतात." वाक्य जमत नसेल, किंवा "विविध", "अनेक", "संबंधित" अशा शब्दांचा आधार घ्यावा लागत असेल, तर तो अजून गठ्ठाच आहे. या थीममध्ये काय नाही हेही लिहावं. नुसत्या तहानेचं वर्णन, रात्री जीभ टाळूला चिकटणं, हे या थीममध्ये येत नाही. त्यात कुणाची नजर नाही. ते वेगळ्या थीममध्ये जाईल. एम.एस्सी.च्या थिसिसला तीन ते पाच थीम पुरतात. नऊ-दहा थीम आणि प्रत्येकीत चार उपथीम दिसल्या की समजावं, कोडनाच बढती मिळाली आहे.

प्रत्यक्ष लिहिताना सगळ्यात जास्त दिसणारा परिच्छेद असा असतो: "बहुतांश रुग्णांना वजनाबाबत भीती वाटते असे आढळले. सहभागी २ म्हणतात… सहभागी ५ म्हणतात… सहभागी ७ म्हणतात…" उताऱ्यांची माळ लावली आणि अर्थ वाचकावर सोडला. त्याऐवजी हे बघा:

"सहभागींच्या बोलण्यात काटा यंत्रासारखा येत नाही, माणसासारखा येतो. सहभागी २ यांना कुणीही रागावलेलं नाही. 'सिस्टर काही बोलत नाहीत, पण बघतात,' एवढंच ते सांगतात, आणि त्या बघण्यासाठी ते आदला अख्खा दिवस कोरडा काढतात. सहभागी ५ यांनी कठड्याला हात टेकवून आकडा कमी केला तो हसत सांगितला, पण त्याची किंमत रात्री दम लागून चुकवली. आकडा खोटा आल्याने पाणी कमी काढलं गेलं असणार. इथे लपवणं ही बेशिस्त नसून शिस्तीत दिसण्याची धडपड आहे."

उतारे दोनच, पण प्रत्येकाच्या मागेपुढे लेखिकेने काहीतरी म्हटलं आहे. शेवटचं वाक्य कुठल्याही रुग्णाच्या तोंडचं नाही, ते विश्लेषण आहे. त्यामुळेच "थीम उदयास आल्या" हे थिसिसमधलं लाडकं वाक्य मी खोडते. मजकुरातून काही आपोआप वर येत नाही. कुणीतरी बसून ते बांधलेलं असतं, आणि त्या कुणाचीतरी जागा लिहावी लागते. या अभ्यासात विद्यार्थिनी त्याच युनिटमध्ये नर्स होती. म्हणजे "सिस्टर बघतात" मधली सिस्टर कदाचित तीच. रुग्ण तिच्यासमोर किती लपवत असतील, आणि तरीही सहभागी ५ ने कठड्याची गोष्ट तिलाच का सांगितली, यावर तिने एक परिच्छेद लिहायलाच हवा.

आकड्यांचा मोहही इथे होतो. "१२ पैकी ९ रुग्णांनी लपवल्याचे सांगितले (७५%)" असं लिहू नये. मुलाखत ठरावीक प्रश्नावली नसते. तिघांनी लपवण्याचा विषय काढला नाही याचा अर्थ ते लपवत नाहीत असा होत नाही, त्यांना कुणी विचारलंच नसेल.

परीक्षक कधी विचारतात, दुसऱ्या व्यक्तीने कोडिंग केल्यावर किती टक्के जुळलं? उत्तर तुम्ही पद्धतीच्या प्रकरणात काय लिहिलंय त्यावर अवलंबून आहे. ठरावीक कोडबुक वापरून कंटेंट अ‍ॅनालिसिस केलं असेल तर हा प्रश्न रास्त आहे आणि आकडा द्यावा. ब्राऊन-क्लार्क यांच्या रिफ्लेक्झिव्ह पद्धतीत अर्थ लावणाऱ्याची नजर कामाचाच भाग धरली जाते, तिथे जुळण्याची टक्केवारी मागितली जात नाही. गाईडबरोबर दोन-तीन ट्रान्सक्रिप्टवर बसून चर्चा करायची ती एकमत व्हावं म्हणून नाही, आपल्याला न दिसलेलं दिसावं म्हणून. घोळ होतो तो पद्धत एकीची लिहून पुरावा दुसरीचा जोडल्यावर. कोलाझ्झी यांची फिनॉमिनॉलॉजीतली सात पायऱ्यांची पद्धत नावाला घ्यायची आणि काम थीमॅटिक अ‍ॅनालिसिसचं करायचं, हेही त्यातलंच.

आणखी एक अडचण भाषेची. मुलाखत एका भाषेत आणि थिसिस दुसऱ्या भाषेत असेल तर आधी सगळं भाषांतर करून मग कोड द्यायचा घाट घालू नये. कोडिंग मूळ भाषेतच करावं, आणि प्रकरणात वापरायचे तेवढेच उतारे शेवटी भाषांतरित करावेत. "सिस्टर काही बोलत नाहीत, पण बघतात" याचं भाषांतर कुणी "नर्स लक्ष ठेवतात" असं केलं, तर ती चांगली शुश्रूषा वाटेल, आणि ज्या ओळीवर थीम उभी आहे तीच नाहीशी होईल.